सज्ज्याखालची सावली : पुण्याच्या जुन्या वास्तुचित्रांच्या वाचनाचा एक प्रश्न

इमारतीचे चित्र पाहताना आपली दृष्टी प्रथम खांब, कमानी आणि नक्षी यांकडे जाते. सज्ज्याखाली किंवा वळचणीखाली भिंतीवर पडलेला काळसर पट्टा आपण चित्रकाराची शोभा म्हणून सोडून देतो. परंतु वास्तूचे दर्शनी चित्र सरळ समोरून काढलेले असेल, तर सज्जा भिंतीपासून किती पुढे आला आहे हे सांगणारी दुसरी खूण त्या चित्रात बहुधा नसते. खांबाची उंची मोजता येते, खणाची रुंदी मोजता येते. पुढे आलेपणा मात्र सावलीवरूनच उमजतो. म्हणून ती सावली कोणत्या नियमाने काढली आहे, हा प्रश्न केवळ चित्रकलेचा राहत नाही; तो इतिहासाच्या साधनांच्या चिकित्सेचा प्रश्न होतो.

पुण्याच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष धार आहे. शनिवारवाड्याच्या आतील लाकडी इमारती १८२८ च्या फेब्रुवारीतील आगीत नष्ट झाल्या. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. बुधवारवाडा १८७९ साली जळाला. त्याच वर्षीच्या आगीत विश्रामबागवाड्याचाही काही भाग गेला आणि पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. लाकडी सज्जे, माड्या आणि वळचणी हे पेशवेकालीन पुण्याचे बाह्य रूप होते, आणि आगीत प्रथम जाणारा भागही तोच. अशा वास्तूंविषयी आपण जे काही मांडतो, त्यातील बराचसा भाग कागदपत्रे, चित्रे आणि उरलेल्या वाड्यांशी केलेली तुलना यांवर आधारलेला असतो. आज विद्यार्थी संगणकावर एखाद्या नष्ट वाड्याचे चित्र नव्याने उभे करतात, तेव्हा जुन्या चित्रातील सावलीवरून सज्ज्याची खोली घेण्याचा मोह होतो. तो केव्हा रास्त आहे आणि केव्हा घातक, हे प्रस्तुत निबंधात पाहावयाचे आहे.

दोन दृष्टी

आपल्या जुन्या चित्रपरंपरेत वस्तूची भिंतीवर पडणारी छाया बहुधा दाखवीत नसत. छज्जा तिरप्या पट्टीने सूचित केला, त्याखाली हस्त रेखाटले, की पाहणाऱ्याला छज्जा पुढे आल्याचे कळे. सूर्य कोठे आहे हा प्रश्न त्या चित्राला पडत नसे. यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. ती चित्रे घटकांचा क्रम आणि संबंध सांगत होती. अमुक दिवशी अमुक घटकेला भिंत कशी दिसली, हे सांगण्याचा त्यांचा हेतूच नव्हता.

दुसरी दृष्टी पुण्यात आली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पेशवे दरबारी इंग्रजांचा वकील होता. त्याच्या पुढाकाराने आणि सवाई माधवरावांच्या आश्रयाने शनिवारवाड्यात एक चित्रशाळा चालली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला व पुढे पुण्यास आला. गंगाराम तांबट हा या परिसरात तयार झालेला पुण्याचा चित्रकार. त्याने मॅलेटसाठी आणि वेल्ससाठी वेरूळसारख्या ठिकाणच्या लेण्यांची चित्रे केली. १७९५ साली वेल्स वारला आणि त्याच वर्षी सवाई माधवरावांचाही अंत झाला. त्यामुळे हा प्रयोग फार काळ टिकला नाही. पण पुण्यातील एका चित्रकाराने पाश्चात्त्य यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश आत्मसात करून वास्तूचे चित्र काढले, ही गोष्ट घडून गेली.

गंगारामापुढे जो विषय होता तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे. वेरूळच्या कैलासाभोवती डोंगर कोरून काढलेल्या ओवऱ्या आहेत आणि त्यांच्यावर कातळ पुढे झुकून राहिला आहे. तेथे खोल सावली हाच वास्तूचा मुख्य गुण आहे. कातळ अखंड असल्यामुळे तो कशाच्या आधारावर उभा आहे हे चित्रकाराने दाखवावे लागत नाही. पुरेशी गडद छाया दिली की खोली पटते. लाकडी सज्ज्याचे तसे नाही. तेथे सावली गडद असूनही सज्जा भिंतीला चिकटवलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसू शकतो, कारण लाकडाला आधार लागतो आणि तो आधार डोळा शोधीत असतो. सावलीचे गणित आणि आधाराची रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्राची विश्वसनीयता दोहोंवर अवलंबून असते. प्रथम गणित पाहू.

पंचेचाळीस अंशांचा संकेत

युरोपात गास्पार मोंज याने १७९५ च्या सुमारास वर्णनात्मक भूमितीची व्याख्याने दिली आणि पुढील शतकात वास्तुचित्रांतील छायांची रीत शास्त्रशुद्ध झाली. अभियांत्रिकीच्या आणि वास्तुकलेच्या शिक्षणाबरोबर ती आपल्याकडेही आली. पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ साली सुरू झाला, मुंबईत जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली. या रीतीचा गाभा एका संकेतात आहे. प्रकाशकिरण पाहणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून येतो आणि एका घनाच्या कर्णाच्या दिशेने जातो, असे धरावयाचे. हा किरण दर्शनी चित्रात पंचेचाळीस अंशांत दिसतो आणि तलचित्रातही पंचेचाळीस अंशांतच. जमिनीशी त्याचा खरा कोन मात्र सुमारे ३५ अंश १६ कला असतो.

हा संकेत का निवडला गेला, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सज्जा भिंतीपासून तीन फूट पुढे आहे असे समजा. या संकेताने त्याच्या पुढील कडेची छाया बरोबर तीन फूट खाली पडते आणि त्याच्या कोपऱ्याची छाया तीन फूट उजवीकडे सरकते. म्हणजे दर्शनी चित्रावर पट्टी ठेवून छायेची उंची मोजली की पुढे आलेपणाचे माप थेट हाती येते. तलचित्र जवळ नसले तरी चालते. ही छाया हवामानाची नोंद नसून अंतराची नोंद आहे. भिंतीवरील मूर्तीपासून मोठ्या देवडीपर्यंत सर्व गोष्टींना तोच नियम लावला असल्यामुळे संपूर्ण चित्र एका मापाने वाचता येते.

येथे एक धोका दडलेला आहे. संकेताने काढलेली छाया आणि डोळ्यांनी पाहून काढलेली छाया कागदावर सारख्याच दिसतात. दोहोंत काळसर धुवण असते, दोहोंची कड सरळ असते. परंतु एकीवरून माप थेट घेता येते आणि दुसरीवरून घेता येत नाही. तेव्हा आपल्यापुढील छाया कोणत्या जातीची आहे, हे ठरविल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यासाठी पुण्याचा सूर्य ठाऊक असला पाहिजे.

पुण्याचा सूर्य

पुणे सुमारे १८ अंश ३१ कला उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. एरवी तो दक्षिणेकडे असतो. या एका गोष्टीने वाड्याच्या प्रत्येक अंगाची छाया वेगळी होते.

दक्षिणेकडील भिंत घेऊ. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. तीन फुटांच्या सज्ज्याची छाया तेव्हा भिंतीवर सुमारे तीन फूट चार इंच खाली उतरते. हे संकेताच्या मापाशी जवळजवळ जुळते. परंतु विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, त्याच सज्ज्याची छाया सुमारे नऊ फूट खाली जाते; आणि विशेष असे की त्या दिवशी सकाळपासून सायंकाळपर्यंत हे माप बदलत नाही. छाया डावीकडून उजवीकडे सरकते, पण तिची खालची कड त्याच ओळीवर राहते. दक्षिण अंगाला तीन फुटांची वळचण असली की उन्हाळ्याच्या प्रारंभी एका मजल्याची भिंत सावलीत जाते आणि हिवाळ्यात तिच्यावर ऊन येते, याचे मर्म या गणितात आहे.

उत्तरेकडील भिंतीची कथा याहून निराळी आहे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तराभिमुख आहे. शरद आणि हिवाळ्याच्या संपूर्ण काळात त्या अंगावर थेट ऊन येतच नाही. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य उत्तरेकडे असतो खरा, पण जवळजवळ डोक्यावर, सुमारे ८५ अंशांवर. तीन फूट पुढे आलेल्या कडेची छाया अशा वेळी पस्तीस फुटांपर्यंत उतरते. म्हणजे तिच्याखालची सारी भिंत सावलीतच असते. त्याच दिवशी सूर्यवेळेने सकाळी सातला छायेची खोली साडेतीन फुटांच्या आसपास येते, परंतु किरण भिंतीला जवळजवळ समांतर असल्यामुळे कोपऱ्याची छाया बाजूला नऊ फुटांच्या जवळपास सरकते. तेव्हा दिल्ली दरवाजाच्या दर्शनी चित्रात नेमकी पंचेचाळीस अंशांची, खाली तेवढीच आणि बाजूला तेवढीच अशी छाया दिसली, तर ती आकाशातील सूर्याची नव्हे, संकेताच्या सूर्याची आहे हे निश्चित समजावे. अशी छाया चूक ठरत नाही, उलट मापासाठी ती अधिक उपयोगी असते.

पूर्व आणि पश्चिम अंगांना गणित अधिक सूक्ष्म होते. दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या वाड्याचे दर्शन पश्चिमेकडे आहे असे धरू. विषुवदिनी सूर्यवेळेने दुपारी तीन वाजता तीन फुटांच्या सज्ज्याची छाया सुमारे दोन फूट दहा इंच उतरते. हे संकेताच्या इतके निकट आहे की त्या घटकेला प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र संकेतावरून काढल्यासारखे वाटावे. पण एक वाजता हीच छाया साडेदहा फुटांहून अधिक असते आणि चार वाजता ती वीस इंचांच्या आत येते. पूर्वाभिमुख वाड्याचे गणित तेच. दुपारच्या जागी सकाळ घ्यावयाची.

आता उलट बाजूने विचार करू. एका जुन्या चित्रात पश्चिमाभिमुख वाड्याच्या सज्ज्याखाली तीन फूट खोलीची छाया मोजली गेली, असे समजा. चित्र संकेतानुसार असेल तर सज्जा तीन फुटांचा आहे. चित्र विषुवदिनाच्या सुमारास दुपारी एकला पाहून काढले असेल तर सज्जा अवघा दहा इंचांचा आहे. ती केवळ नक्षीची पट्टी म्हणावी लागेल. चारला पाहून काढले असेल तर तो साडेपाच फुटांचा आहे आणि त्यावर माणसे बैठक मांडून बसू शकतील. छाया एकच, पण तिच्यावरून तीन वेगवेगळे वाडे निघतात. वेळ ठरविल्यावाचून सावलीवरून माप घेणाऱ्याचा अंदाज किती दूर जाऊ शकतो, ते यावरून दिसेल.

मग वेळ ठरवावी कशी? पहिली खूण छाया कोणत्या बाजूस सरकली आहे ही होय. पश्चिमाभिमुख भिंतीसमोर उभे राहिले तर दक्षिण आपल्या उजव्या हातास येते. उन्हाळा-पावसाळ्यातील काही महिने सोडले तर दुपारचा प्रकाश उजवीकडून येतो आणि छाया डावीकडे सरकते. चित्रात मात्र प्रकाश डावीकडून असेल, तर तो बहुधा संकेत होय. दुसरी खूण प्रमाणाची. कोपऱ्याची छाया बाजूला जितकी सरकली त्याला छायेच्या खोलीने भागावे. संकेतात हा भागाकार एक येतो. विषुवदिनी पूर्व-पश्चिम अंगांवर तो दिवसभर एक-तृतीयांशच राहतो, घटका कोणतीही असो. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास तो एकाहून थोडा अधिक, १.२ च्या जवळ जातो. विषुवदिन आणि डिसेंबर यांच्या मध्ये कधीतरी तो एकास टेकतो हे उघड आहे. म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही. तिसरी आणि सर्वांत भरवशाची खूण म्हणजे एकाच संचातील निरनिराळ्या अंगांची चित्रे शेजारी ठेवून पाहणे. उत्तरेचे, पश्चिमेचे आणि दक्षिणेचे दर्शन या तिन्हींवर छाया एकाच प्रमाणात, एकाच बाजूस पडली असेल, तर असा सूर्य पुण्याच्या आकाशात कधीच उगवत नाही.

घड्याळाविषयी एक सूचना येथे आवश्यक आहे. वर दिलेल्या वेळा सूर्याच्या आहेत. पुण्याचे रेखांश सुमारे ७३ अंश ५१ कला, तर भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला या रेखांशावर बेतलेली आहे. त्यामुळे पुण्यातील मध्यान्ह घड्याळात सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या आसपास येते आणि ऋतुमानाने त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. संगणकावर सूर्य बसविताना स्थळ, तारीख आणि उत्तर दिशा अचूक देऊनही प्रमाणवेळेकडे दुर्लक्ष झाले, तर एक वाजताच्या सुमारास पश्चिम अंगाची छाया कित्येक फुटांनी चुकते.

आधार दिसला पाहिजे

छायेचे गणित बिनचूक जमले तरी सज्जा पटत नाही, असा अनुभव अनेकदा येतो. याचे कारण सज्ज्याची जाडी आणि त्याचा आधार यांत असते. या बाबतीत पुण्याजवळच भाजे येथे एक फार जुना पुरावा आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कातळातच छोटे सज्जे, कठडे आणि गवाक्षे कोरलेली आहेत. कातळाला तुळयांची गरज नाही. तरी शिल्पकाराने सज्ज्यांखाली तुळयांची पुढे आलेली टोके कोरली. लाकडी नगरवास्तूंवर पोसलेल्या डोळ्याला टोकांवाचून सज्जा खरा वाटत नाही, हे त्याने ओळखले होते.

पुण्याच्या वाड्यांत हीच गोष्ट प्रत्यक्ष लाकडात आहे. खणाच्या तुळयांवर कड्या आडव्या टाकलेल्या असतात आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या. सज्जा करावयाचा असेल तेव्हा कड्या किंवा तुळया भिंतीच्या ओळीबाहेर पुढे काढतात आणि त्यांच्याखाली खांबातून निघालेले कोरीव हस्त देतात. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधला. त्याच्या रस्त्याकडील कोरीव लाकडी दर्शनात सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी आणि पुढे आलेला सज्जा यांचा मेळ आजही पाहावयास मिळतो. शनिवारवाड्यातील नष्ट झालेल्या लाकडी कामाची कल्पना करताना अभ्यासकांना त्याचा आधार वाटतो. मात्र दोहोंत सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे अंतर आहे हे विसरता कामा नये.

पुढे आलेल्या कडीचे बळ बाहेरच्या भागात नसून आतल्या भागात असते. कडी तीन फूट बाहेर आणि सहा फूट आत असेल, तर बाहेरील भागावर सर्वत्र सारखा भार पडताच आतले टोक त्या भाराच्या चतुर्थांशाइतक्या जोराने वर उचलले जाऊ पाहते. आत फक्त तीन फूट असेल तर हा जोर निम्मा होतो. जमिनीचे आणि वरच्या भिंतीचे ओझे हा जोर दाबून धरते. म्हणून नकाशात आतली कडी कोठे संपते हे दाखविलेले नसेल, तर बाहेरच्या सज्ज्याविषयी शंका घ्यावी. दुसरी गोष्ट लांबीची. सज्जा दुप्पट पुढे काढला तर तेवढ्याच दाट भाराने मुळाशी येणारा ताण चौपट होतो आणि टोकाचे वाकणे, कडी तीच ठेवल्यास, सोळापट होते. यामुळे वाड्यातील बिनहस्ताचे सज्जे आखूडच राहतात आणि खोल सज्ज्याला हस्त, तिरका टेकू किंवा खालून खांब द्यावाच लागतो. वर ज्या उदाहरणात साडेपाच फुटांचा सज्जा निघाला, तेथे हस्त किंवा खांब चित्रात दिसत नसतील, तर ते माप टाकून द्यावे. छायेच्या गणिताला रचनेची अशी साक्ष घेता येते आणि ती घेणे हेच चिकित्सेचे काम आहे.

काँक्रीटच्या सज्ज्यालाही हाच न्याय लागू पडतो. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत टांगत्या स्लॅबची लांबी आणि प्रभावी खोली यांचे मूळ प्रमाण सात धरले आहे. पोलादाच्या प्रमाणानुसार त्यात फेरफार होतो. चार फुटांच्या सज्ज्याला मुळाशी सुमारे सात इंच खोली हवी, असा त्याचा स्थूल अर्थ. टोकाकडे ती कमी करता येते. चित्रात मात्र हाच सज्जा पुष्कळदा एका रेघेच्या जाडीने काढलेला असतो. छाया अचूक असूनही तो अधांतरी तरंगताना दिसतो, कारण त्याची पुढची कड आणि खालचे अंग यांच्यात काहीच वस्तुमान नसते.

सावलीच्या आतील उजेड

अखेरचा मुद्दा सावलीच्या रंगाचा. सज्ज्याखालची सावली सर्वत्र सारखी काळी नसते. थेट ऊन तेथे पोहोचत नाही, परंतु आकाशाचा उजेड पोहोचतो आणि उन्हात तापलेल्या अंगणावरून किंवा रस्त्यावरून परतलेला उजेडही पोहोचतो. आकाशाचा उजेड वरून येणारा असल्यामुळे भिंतीच्या वरच्या भागास, सज्ज्याच्या काखेत, तो सर्वांत कमी मिळतो; जसजसे खाली यावे तसतशी भिंत उजळते. जमिनीवरून परतणारा उजेड खालून येतो, म्हणून कड्यांची खालची अंगे त्यांच्यामधील पाटांपेक्षा उजळ दिसतात, आणि पाट कड्यांच्या मध्ये दडलेले असल्यामुळे अंधारे राहतात. हे उजळ-अंधारे पट्टे नीट पकडले की कडीची खोली न सांगता कळते. सबंध तळ एकाच काळ्या धुवणीने भरला की कड्या नाहीशा होतात आणि सज्जा पुन्हा पुठ्ठ्याचा होतो.

सावलीच्या कडेबद्दलही एक गैरसमज आढळतो. सूर्य बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाचे बिंब आहे, त्यामुळे छायेची कड किंचित विरते हे खरे. पण तीन फुटांच्या सज्ज्याच्या बाबतीत हे विरणे संकेताच्या कोनात अर्ध्या-पाऊण इंचाच्या आसपासच असते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती कड रेखीवच दिसते. संगणकावरील चित्रांत ती वीतभर पसरट केलेली आढळते आणि मऊपणामुळे चित्र वास्तव वाटेल अशी समजूत असते. प्रत्यक्षात अशी पसरट कड ढगाळ दिवसाची सूचना देते, आणि ढगाळ दिवशी भिंतीवर सज्ज्याची स्पष्ट आकाराची छाया पडतच नाही. दोन वेगळ्या हवामानांचे लक्षण एका भिंतीवर आले की पाहणाऱ्याला कारण न कळताही खोटेपणा जाणवतो.

या विवेचनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. कोनांचे गणित सपाट, उभ्या भिंतीसाठी आहे. सज्ज्याची कड कोरीव असेल, वळचण उतरती असेल किंवा दर्शन पूर्व-पश्चिम रेषेशी तिरके असेल, तर आकडे बदलतात, जरी रीत बदलत नाही. वेल्ससारख्याच्या टिपणांवरून दूरदेशी रंगविलेल्या चित्रांत तर छाया ही बहुधा रंगविणाऱ्याची असते, स्थळाची नसते. टॉमस डॅनियलने वेल्सच्या टिपणांवरून पेशवे दरबाराचे मोठे तैलचित्र १८०५ साली इंग्लंडात पुरे केले. त्यातील खांबांची आणि माणसांची मांडणी साक्ष म्हणून तपासता येईल. त्यातील उजेडावरून शनिवारवाड्याच्या दालनाची खोली काढू जाणे मात्र धाडसाचे ठरेल.

सारांश, सज्ज्याखालच्या सावलीला तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. ही छाया संकेताची आहे की पाहिलेली? पाहिलेली असल्यास ती भिंत कोणत्या दिशेस आहे आणि तेथे असा सूर्य केव्हा येऊ शकतो? आणि निघालेल्या मापाचा सज्जा चित्रात दिसणाऱ्या आधारावर उभा राहू शकतो काय? तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळली तरच ते माप नष्ट वास्तूच्या पुनर्रचनेत घ्यावे. जुळली नाहीत तर चित्र टाकून देण्याचे कारण नाही. त्यातील खणांची संख्या, खांबांचा आकार, मजल्यांचा क्रम ही माहिती तरीही उपयोगी पडते. फक्त सज्ज्याची खोली त्या चित्राला विचारू नये. ती उरलेल्या जोत्यांना, भिंतींतील कड्यांच्या घरांना आणि समकालीन वाड्यांना विचारावी.